२४ व्होल्टवर १२ व्होल्टचा रिले: सिरीज रेझिस्टर किती वॅटचा घ्यायचा?

सोलरच्या बॅटरी बँकेत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणून पॅनलमध्ये सप्लाय २४ व्होल्टचा. हाताशी असलेला टाकीच्या पाणीपातळीचा कंट्रोलर मात्र १२ व्होल्टच्या शुगर क्यूब रिलेवर चालणारा. रिलेच्या कॉइलला सिरीजमध्ये एक रेझिस्टर लावला की काम भागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. किती ओहमचा लावायचा हेही चटकन निघतं. चूक होते ती वॅटेजमध्ये. कागदावर ०.३६ वॅट येतात, दुकानातून अर्ध्या वॅटचा रेझिस्टर येतो आणि एका उन्हाळ्यात त्याच्याखालची पीसीबी काळी पडते.

आकडे डोळ्यांपुढे असावेत म्हणून इथे हीच एक जोडणी शेवटपर्यंत सोडवली आहे. रिले १२ व्होल्टचा, कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर घेणारी. टाकी भरेपर्यंत तो तासन् तास ओढलेला राहतो. कॉइलला समांतर 1N4007 डायोड आहे आणि सगळं गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत बसवलेलं आहे.

(नवीन पॅनल बनवत असाल तर सरळ २४ व्होल्टच्या कॉइलचा रिले घ्या. रेझिस्टरही नको आणि त्याची उष्णताही नको. पुढचं सगळं, १२ व्होल्टचा बोर्ड आधीच हातात आहे त्यांच्यासाठी.)

आधी ओहम, पण कोणत्या व्होल्टेजला?

२४ मधून १२ गेले, उरले १२. त्याला ३० मिलिअँपिअरने भागलं की ४०० ओहम येतात. हिशोब बरोबर आहे, फक्त बॅटरी २४ व्होल्टवर फारशी कधी नसतेच. चार्जर फ्लोटवर असताना दोन लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर मिळून सुमारे २७.६ व्होल्ट असतात, बूस्टमध्ये २८.८ आणि पूर्ण उतरल्यावर कट-ऑफच्या वेळी २१. रिले २१ व्होल्टलाही ओढला पाहिजे आणि २८.८ ला त्याची कॉइल जळता कामा नये.

४०० ओहमचा रेझिस्टर दुकानात सहसा मिळत नाही. जवळच्या किमती ३९० आणि ४७०. इथे २२० ओहमचे दोन सिरीजमध्ये लावणं सगळ्यात सोयीचं पडतं: एकूण ४४० ओहम होतात, किंमत सर्रास मिळणारी आहे आणि उष्णता दोन अंगांत वाटली जाते.

आता दोन्ही टोकं तपासून घेऊ. २८.८ व्होल्टला ४४० अधिक ४०० म्हणजे ८४० ओहममधून ३४.३ मिलिअँपिअर जातात आणि कॉइलवर १३.७ व्होल्ट येतात. हे १२ च्या ११४ टक्के झाले. काही शुगर क्यूब रिलेंना ११० टक्केच चालतात, काहींना १३०. डेटाशीटमधली ही एक ओळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. २१ व्होल्टला २५ मिलिअँपिअर मिळतात. बहुतेक रिले ७५ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे २२.५ मिलिअँपिअरवर ओढतात. पण कॉइल तांब्याची असते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्के वाढतो. कॉइल २० वरून ६० अंशांवर गेली की ४०० चे ४६४ ओहम होतात आणि २१ व्होल्टला करंट २३.२ मिलिअँपिअर उरतो. काठावर का होईना, रिले ओढतो. ४७० ओहम लावले असते तर हाच आकडा बरोबर २२.५ वर आला असता. म्हणून ४४०.

वॅट मोजताना होणाऱ्या दोन चुका

रेझिस्टरमध्ये मुरणारी शक्ती मोजायची सूत्रं सगळ्यांना पाठ असतात:

```
P = I² × R
P = V² / R     (V = रेझिस्टरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज)
```

पहिली चूक दुसऱ्या सूत्रात होते. V च्या जागी सप्लायचे २४ व्होल्ट घातले जातात आणि १.३ वॅट असं उत्तर येतं. प्रत्यक्षात रेझिस्टरवर सप्लायचा सगळा व्होल्टेज नसतो, जवळपास निम्माच असतो. सिरीज जोडणीत ही गफलत टाळायची तर पहिलं सूत्र वापरावं, कारण करंट सगळीकडे एकच असतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण ती उत्तर कमी दाखवते. २४ व्होल्ट धरले तर करंट २८.६ मिलिअँपिअर आणि शक्ती ०.३६ वॅट. अर्ध्या वॅटचा चालेल असं वाटतं. फ्लोटच्या २७.६ व्होल्टला तीच शक्ती ०.४७ वॅट होते आणि २८.८ ला ०.५२. व्होल्टेज वीस टक्के वाढला की शक्ती चव्वेचाळीस टक्के वाढते, कारण तिथे वर्ग आहे. वॅटेज नेहमी सप्लायच्या सगळ्यात वरच्या टोकाला मोजायचं. ते टोक अंदाजाने धरू नका. चार्जर बूस्टवर असताना सकाळी अकरा-बाराच्या सुमारास मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. पॅनलवर छापलेला २४ हा आकडा नुसतं नाव आहे.

यानंतर टॉलरन्स. कॉइलच्या रोधात दहा टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ती ३६० ओहमचीही निघू शकते. थंडीच्या सकाळी पहिल्यांदा रिले ओढतो तेव्हा तर रोध आणखी कमी असतो. ३६० ओहमची कॉइल आणि २८.८ व्होल्ट धरले की ३६ मिलिअँपिअर आणि ०.५७ वॅट येतात. रेझिस्टरच्या स्वतःच्या पाच टक्के टॉलरन्सने मात्र इथे जवळजवळ काहीच बदलत नाही: तो ४१८ ओहमचा असो की ४६२ चा, उत्तर ०.५७ च्या आसपासच राहतं. रेझिस्टर आणि लोड जवळपास सारख्या ओहमचे असले की करंट वाढतो तसा रोध घटलेला असतो आणि दोन्ही एकमेकांना सावरतात. रेझिस्टर थेट सप्लायवर असता तर त्याची पाच टक्के घट थेट शक्तीत उतरली असती.

म्हणजे नेहमीच्या चालण्यातला खरा आकडा ०.५७ वॅट. अर्ध्या वॅटचा रेझिस्टर इथेच बाद होतो, मार्जिनचा विषय अजून निघालेलाही नाही.

टाकी दिवसातून एकदाच भरते, मग सरासरी का धरू नये?

धरू नये. एवढ्या आकाराचा रेझिस्टर काही मिनिटांत त्याच्या कायमच्या तापमानाला पोहोचतो. रिले त्याहून जास्त वेळ ओढलेला राहत असेल तर रेझिस्टरच्या दृष्टीने ते अखंड चालणंच आहे. सरासरी चालते ती सेकंदाच्या छोट्या अंशांत चालू-बंद होणाऱ्या सर्किटमध्ये. तिथेही करंटचा आरएमएस घ्यावा लागतो, साधी सरासरी नाही. शिवाय फ्लोट स्विच अडकून रिले दिवसभर ओढलेला राहणं ही काही दुर्मीळ घटना नव्हे.

वॅटेज हा खरा तर तापमानाचा आकडा

रेझिस्टरवर एक वॅट लिहिलंय याचा अर्थ, भोवतालची हवा ७० अंशांपर्यंत असेल तर एक वॅट मुरवूनही त्याचं अंग कमाल मर्यादेच्या आत राहतं. ७० च्या वर ही क्षमता सरळ रेषेत घटत शून्यावर येते. साध्या कार्बन फिल्ममध्ये ती सहसा १५५ अंशांना शून्य होते, मेटल ऑक्साइड फिल्ममध्ये २३५ ला. डेटाशीटमधल्या डिरेटिंगच्या आलेखात हेच काढलेलं असतं.

याचा एक अर्थ असा, की पेटीतली हवा ७० च्या खाली असेल तर त्या आलेखाप्रमाणे काहीच वजा करायचं नसतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतला पारा ४५ च्या वर जातो. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ६० अंश धरू. म्हणजे आलेख म्हणतो, पूर्ण वॅटेज वापरा. मग मार्जिन कशासाठी?

त्याच आलेखातून एक उपयोगी आकडा निघतो. अर्ध्या वॅटचा कार्बन फिल्म रेझिस्टर ७० अंशांच्या हवेत अर्धा वॅट मुरवून १५५ पर्यंत तापतो. म्हणजे अर्ध्या वॅटला ८५ अंशांची वाढ, वॅटला १७० अंशांची. सूत्रात मांडायचं तर:

```
दर वॅटला तापमानवाढ = (शून्याचं तापमान − 70) / रेटिंग
अंगाचं तापमान = पेटीतली हवा + P × दर वॅटला वाढ
```

हा अंदाज आहे. खरा आकडा रेझिस्टरच्या तारा, पीसीबीचं तांबं आणि पेटीतल्या हवेची हालचाल यांवर पाचदहा अंश इकडेतिकडे होतो. पण निर्णय घ्यायला तो पुरेसा आहे. ६० अंशांच्या पेटीत अर्ध्या वॅटच्या कार्बन फिल्मवर आपले ०.५७ वॅट टाकले तर वाढ ९७ अंशांची, अंग १५७ वर. मर्यादा १५५ ची. कागदावरच्या ०.३६ वॅटलासुद्धा अंग १२० च्या पुढे जातं. रेझिस्टर ते सोसेल, पण त्याला चिकटलेली तपकिरी फिनोलिक पीसीबी वर्षानुवर्षं सोसणार नाही. ती आधी तपकिरीची काळपट होते आणि मग तांब्याचा पॅड सुटतो.

‘मोजलेल्या वॅटच्या दुप्पट रेटिंग घ्या’ या जुन्या नियमाचं मूळ इथे आहे. रेटिंग दुप्पट केलं की तापमानवाढ निम्मी होते. हा नियम चांगला आहे, पण तो रेझिस्टरला वाचवतो. भोवतालच्या वस्तू वाचतीलच याची खात्री तो देत नाही, आणि मेटल ऑक्साइडच्या बाबतीत तर मुळीच नाही. मेटल ऑक्साइड रेझिस्टर लहान अंगात जास्त वॅट देतो तो थंड राहून नव्हे, जास्त तापण्याची परवानगी असल्यामुळे. एक वॅटचा मेटल ऑक्साइड पूर्ण लोडला १६५ अंशांनी तापतो. म्हणून हिशोब वॅटमध्ये करून थांबू नका, शेवटी अंशांत करा. नेहमीच्या चालण्यात अंगाचं तापमान ग्लास इपॉक्सी पीसीबीवर ११० आणि फिनोलिकवर ९० च्या आत ठेवलं की पुढे सहसा तक्रार येत नाही.

बिघडल्यावर काय होईल?

वॅटेज ठरवताना ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि आपल्या जोडणीत निर्णय तिच्यावरच फिरतो.

कॉइलला समांतर असलेला डायोड शॉर्ट झाला तर काय? मग रिले जागेवरून हलत नाही, पण सगळे २८.८ व्होल्ट रेझिस्टरवर येतात. २८.८ चा वर्ग भागिले ४४० म्हणजे १.८९ वॅट, टॉलरन्सच्या खालच्या टोकाला १.९८. रिपेअरिंगमध्ये डायोड उलटा बसला तरी जवळपास हेच होतं: सुमारे ०.७ व्होल्ट डायोडवर पडतात, बाकीचे रेझिस्टरवर, आणि शक्ती १.८ वॅटच्या आसपास जाते. ६४ मिलिअँपिअर काही कुठलाही फ्यूज उडवत नाहीत. पंप सुरू झाला नाही म्हणून कोणी पाहायला येईपर्यंत रेझिस्टर नुसता भाजत राहतो.

आता पर्याय याच कसोटीला लावू. २२० ओहमचे दोन, प्रत्येकी एक वॅटचे मेटल ऑक्साइड घेतले, तर नेहमीच्या चालण्यात प्रत्येकावर ०.२९ वॅट आणि ४७ अंशांची वाढ. ६० अंशांच्या हवेत अंग १०७ वर, म्हणजे ग्लास इपॉक्सीवर चालण्यासारखं. बिघाडात मात्र प्रत्येकावर ०.९९ वॅट येतात आणि अंग २२३ पर्यंत जातं. रेझिस्टर अजून त्याच्या मर्यादेत आहे, पण पीसीबी, शेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि वायरचं पीव्हीसी नाही.

तेच दोन रेझिस्टर दोन वॅटचे घेतले की दर वॅटला वाढ ८२ अंशांवर येते. नेहमी अंग ८४ च्या आसपास, बिघाडात १४२. तारा थोड्या लांब ठेवून अंग पीसीबीपासून उचललं तर बिघाडातही काही जळत नाही. तेव्हा निवड ही: २२० ओहम, दोन वॅट, पाच टक्के, मेटल ऑक्साइड, फ्लेमप्रूफ, दोन नग सिरीजमध्ये.

०.५७ वॅटसाठी एकूण चार वॅट, म्हणजे सात पट झाले. आंधळेपणाने मार्जिन वाढवल्यासारखं दिसेल, पण हे सात पट बिघाडाच्या हिशोबातून आले आहेत. जिथे लोड शॉर्ट झाला तरी रेझिस्टरवरची शक्ती फारशी वाढत नाही तिथे याची गरज नाही. २४ व्होल्टवर दहा मिलिअँपिअरचा पॅनलचा इंडिकेटर एलईडी घ्या: रेझिस्टरवर आधीच २२ व्होल्ट आहेत, एलईडी शॉर्ट झाला तर २४ होतील, शक्ती ०.२२ वरून ०.२६ वॅट. तिथे अर्धा वॅट पुरे.

उलट बाजूने, दहा वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर लावून मोकळं होण्यातही अर्थ नाही. पेटीत पडणारी उष्णता तीच ०.५७ वॅट राहते, ती काही कमी होत नाही. वर त्या जड अंगाचं वजन दोन तारांवर लटकतं, आणि पंपाच्या कंपनांनी सोल्डर जॉइंटला भेग पडते.

दुकानात काय पाहायचं

वॅटेज रेझिस्टरवर बहुधा छापलेलं नसतं; ते अंगाच्या लांबीवरून ओळखावं लागतं. नेहमीच्या मापात पाव वॅटचं अंग सुमारे ६ मिलिमीटर असतं, अर्ध्याचं ९, एकाचं ११ ते १२ आणि दोन वॅटचं १५ ते १६. गोंधळ मिनी मापामुळे होतो. त्यात दोन वॅटचा रेझिस्टर एक वॅटच्या लांबीत मिळतो. तो नकली नसतो, पण अंग लहान म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त तापणार, आणि वरचा हिशोब त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. शंका असेल तर लांबीवर विश्वास ठेवा आणि मोठं अंग घ्या. किमतीतला फरक किरकोळ असतो.

जाता जाता एक गोष्ट, ती आपल्या जोडणीत लागत नसली तरी. मोठ्या ओहमच्या रेझिस्टरला वॅटच्या आधी व्होल्टेजची मर्यादा आडवी येते. पाव वॅटच्या रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टच चालतात. २३० व्होल्टच्या मेन्सवर एक मेगओहम लावला तर शक्ती फक्त ०.०५ वॅट येते, पण शिखराला ३२५ व्होल्ट असतात. तिथे दोन-तीन रेझिस्टर सिरीजमध्येच लावावे लागतात, वॅटचा हिशोब काहीही म्हणो.

बसवणं आणि तपासणं

दोन्ही रेझिस्टर पीसीबीपासून किमान पाच-सहा मिलिमीटर उचलून बसवा. तारेला वाक देऊन किंवा सिरॅमिकचे मणी घालून उंची टिकवता येते. दोघांमध्ये एका अंगाइतकी जागा सोडा. चिकटवून बसवले तर एक दुसऱ्याची हवा तापवतो आणि वाटून घेतलेल्या उष्णतेचा फायदा अर्धा जातो. पेटी उभी असेल तर रेझिस्टरच्या बरोबर वर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर येऊ देऊ नका. पॅड मोठे ठेवा. तारांमधून बरीच उष्णता खाली उतरते, लहान पॅडवरचा जॉइंट त्या रोजच्या तापण्या-निवण्याने आधी भुरकट होतो आणि मग त्याभोवती गोल भेग पडते.

तपासणी दोन टप्प्यांत करा. रिले ओढलेला असताना प्रत्येक रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा. २८.८ व्होल्टच्या सप्लायला तो साडेसात व्होल्टच्या आसपास हवा. वर्ग करून २२० ने भागलं की पाव वॅटच्या जवळ आलं पाहिजे. १४ व्होल्ट दिसले आणि रिले ओढलेला नसेल तर डायोड पाहा. उलटा तरी आहे किंवा शॉर्ट तरी.

मग पेटीचं दार लावून अर्धा तास चालवा आणि तापमान घ्या. मल्टिमीटरसोबत मिळणारा के-टाइप थर्मोकपल कॅप्टॉन टेपने रेझिस्टरच्या मधोमध चिकटवला तर आकडा भरवशाचा येतो. इन्फ्रारेड गन इथे फसवते. तिचा ठिपका रेझिस्टरपेक्षा मोठा असतो, ती आजूबाजूच्या थंड पीसीबीची सरासरी धरते आणि तापमान तीस-चाळीस अंश कमी दाखवू शकते. तपासणी थंड दिवशी केली असेल तर मोजलेल्या तापमानातून पेटीतल्या हवेचं वजा करा आणि उरलेली वाढ ६० मध्ये मिळवा. तो तुमचा मे महिन्याचा आकडा. दोन वॅटच्या अंगाला वाढ २५ च्या आसपास आली पाहिजे. चाळीसच्या पुढे गेली तर अंग मिनी मापाचं आहे, पेटीत हवा फिरत नाही किंवा करंट ठरल्यापेक्षा जास्त आहे.

जुन्या पॅनलमध्ये कमी वॅटेजचा रेझिस्टर मोजण्याआधीच ओळखू येतो. रंगाचे पट्टे करपून एकसारखे तपकिरी दिसतात, त्यामुळे लाल आणि नारिंगी यांत फरक करता येत नाही, आणि खाली पीसीबीवर अंगाच्या आकाराचा काळा डाग असतो. अशा रेझिस्टरची किंमत पट्ट्यांवरून वाचू नका. सप्लाय काढा, एक पाय सुटा करा आणि ओहम मोजा. पाच टक्क्यांच्या बाहेर गेला असेल किंवा ओपन दाखवत असेल तर तेवढ्याच वॅटचा नवा लावून सोडू नका. सप्लायचं वरचं टोक मोजून हिशोब पहिल्यापासून करा. डाग पडलेल्या जागी पीसीबीचं इन्सुलेशन गेलेलं असू शकतं. तो भाग खरवडून काढा आणि नवीन रेझिस्टर शेजारच्या चांगल्या पॅडवर, उचलून बसवा.